४८० ची चकली, घरच्यांना कितीला?

२०२३ च्या दिवाळीनंतर, भाऊबीज आटोपल्यावर मी वही घेऊन बसले. त्या दिवाळीत नव्वद किलो चकली केली होती. आदल्या वर्षापेक्षा चांगली वीस किलोंनी जास्त. गॅसची शेगडी बंद झाली की हिशेब करायचा, असं दरवर्षी ठरतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत लांबतं. या वेळी मात्र बसायला कारण होतं. जांभळी नाक्यावरच्या धान्यवाल्याचे शेवटचे चार हजार द्यायचे होते आणि तेवढे हातात नव्हते. नव्वद किलो चकली विकून चार हजार नसावेत, हे काही मला पटेना.

आमचं घर ठाण्यात, नौपाड्यात. फराळाचं काम घरातूनच चालतं. चकली, पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू, एवढे तीनच पदार्थ. इथे मी चकलीचंच सांगते, कारण घोळ तिथेच सगळ्यात मोठा होता.

आधी एका किलोचा खर्च मांडला. तोपर्यंत माझ्या डोक्यात ‘माल दोनशेचा, विकायची चारशे ऐंशीला’ एवढंच गणित होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त सुटतात, मग घरच्यांना शंभर-सव्वाशे कमी घेतले तर काय बिघडलं? भाजणीचे तांदूळ, डाळी, धने-जिरे आणि दळण धरून किलोभर चकलीला ८० रुपये पडत होते. तेल साधारण चारशे मिलिलिटर लागतं. त्यातलं बरंचसं चकली पिते, थोडं मोहनात जातं आणि कढईच्या तळाशी काळं पडलेलं शेवटी टाकावंच लागतं. त्याचे ५०. तीळ, तिखट, ओवा, हिंग यांचे २५, गॅसचे २०. पिशवी, डबा आणि लेबल मिळून आणखी २०. इथपर्यंत १९५ झाले, म्हणजे माझे ‘मालाचे दोनशे’ तसे बरोबरच होते.

पण मदतीला ताई येतात. त्यांची आठ तासांची मजुरी ६००. आम्ही दोघी मिळून दिवसाला दहा किलो काढतो, म्हणजे किलोमागे ६०. चकल्या मोडतात, एखादा घाणा तेल पितो, एखादा जास्त लाल होतो. तो चुरा घरात खाल्ला जातो, पण त्याचे पैसे कुणी देत नाही. त्याचे १५ धरले. सोऱ्या, झारा, वीज, फोन, अन्न सुरक्षेची नोंदणी, रिक्षाचं भाडं अशा किरकोळ गोष्टींचे किलोमागे ३०. झाले ३००. या तीनशेला मी ‘पाया’ म्हणते. हे पैसे माझ्या हातून दुसऱ्याच्या हातात जातातच, गिऱ्हाईक कोणीही असो.

उरले १८०. यांनाच मी नफा समजत होते. पण दहा किलो चकली काढायला माझा दहा तासांचा दिवस जातो. भाजणी भाजणं, गिरणीत जाणं, पीठ मळणं, तळणं, गार करून भरणं, घेऊन जाणाऱ्यांची वाट पाहणं, सगळं त्यात आलं. म्हणजे किलोला माझा एक तास. त्या तासाचे मी १२० रुपये धरले. ताईंना तासाला पंचाहत्तर पडतात आणि भाजणीचा अंदाज, पिठाची परीक्षा, नासल्यास जबाबदारी हे सगळं माझ्याकडे, तेव्हा एवढे धरणं काही लालूच नव्हे. मजुरी वजा जाता धंद्याचा म्हणावा असा नफा उरला किलोमागे ६० रुपये.

आता घरच्यांची पंचवीस टक्के सूट या चौकटीत बसवून पाहिली. ४८० चे ३६०. पाया ३०० चा. राहिले ६०. म्हणजे नफा तर गेलाच, माझा तासही ६० रुपयांना गेला. शेजारी बसून चकल्या पाडणाऱ्या ताईंपेक्षा पंधरा रुपये कमी! सूट किमतीवर मोजली की पाव वाटते. पण ती किमतीतून जात नाही, पायाच्या वर जे उरतं त्यातून जाते. १८० मधले १२० गेले, म्हणजे माझ्या वाट्याचे तीन भागांतले दोन भाग गेले.

मग वहीतली नावं वेगळी काढली. नव्वदपैकी बावन्न किलो बाहेरच्यांनी घेतली, पूर्ण भावाने. अडतीस किलो नातेवाईक, मैत्रिणी आणि ह्यांच्या ऑफिसातले जवळचे. त्यातली वीस किलो ३६० ला गेली. दहा किलो ‘तू फक्त मालाचे घे’ म्हणून दोनशेच्या भावाने. पाच किलोचे पैसे ‘नंतर देते’मध्ये अडकले होते आणि आता मागायला तोंड नव्हतं. तीन किलो चवीला म्हणून वाटली होती. अडतीस किलोंचे आले ९२००. त्यांचा पाया ११४००. म्हणजे घरच्यांना चकली विकून मी पदरचे २२०० घातले होते, माझे अडतीस तास वेगळेच.

बाहेरच्या बावन्न किलोंवर १८० प्रमाणे ९३६० सुटले होते. त्यातून हे २२०० गेले, राहिले ७१६०. नव्वद तासांचे. तासाला ऐंशी रुपयेसुद्धा पूर्ण नाहीत. धान्यवाल्याचे चार हजार का नव्हते, ते कळलं. दिवाळीतच घरात जे खर्च झाले त्यात ते विरून गेले होते.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती, पण मनात टोचत होती. धनत्रयोदशीच्या पाच दिवस आधी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतून बारा किलोंची ऑर्डर आली होती, पूर्ण भावाची. मी नाही म्हटलं, कारण त्या आठवड्यातले सगळे घाणे भरलेले होते. कशाने? आत्यांनी आणि मामींनी आयत्या वेळी सांगितलेल्या सवलतीच्या चकल्यांनी. एरवी आषाढात कुणी मागितली तर मी रिकामीच असते, तेव्हा सुटीत जातं ते फक्त सुटीएवढंच. पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हात दोनच आणि कढई एकच. तिथे ३६० ची चकली जी जागा अडवते तिथून ४८० ची चकली परत गेलेली असते.

पहिला उपाय मी केला तो चुकला. २०२४ च्या होळीच्या सुमाराला कुरड्या आणि पापडांबरोबर थोड्या चकल्याही घेतल्या होत्या. तेव्हा भाव ५४० लावला आणि घरच्यांना ‘खास’ म्हणून ४८० सांगितला. वाटलं, सूटही दिल्यासारखी होईल आणि पैसेही पूर्ण मिळतील. पण ठाणं काही एवढं मोठं नाही. मामींच्याच इमारतीत माझ्या जुन्या गिऱ्हाईक एक काकू राहतात. दोघी लिफ्टमध्ये भेटल्या, पिशव्यांवरची लेबलं सारखी, विषय निघाला. काकूंचा मला फोन आला, आवाज गोडच होता. “अगं, आम्ही चार वर्षं घेतोय, आम्ही कोणी नाही का?” त्यांना साठ रुपये परत पाठवले आणि हा उद्योग बंद केला. बाहेरच्याच्या खिशातून घरच्यांची हौस करायची म्हटलं तर घर टिकवणारं गिऱ्हाईकच दुखावतं.

खरी अडचण मात्र गणिताची नव्हतीच. आमच्याकडे सूट मी जाहीर करत नसे, सासूबाई करत. लग्नात, बारशात, हळदीकुंकवाला कोणी म्हटलं, “सूनबाईंच्या चकल्या छान असतात हो,” की आई लगेच म्हणायच्या, “घेऊन जा ना, घरचंच आहे, पैशाचं काय एवढं!” त्यांचं चुकत होतं असंही नाही. त्यांच्या काळात फराळ हा ताटातून ताटात जायचा. शेजारणीची शंकरपाळी आपल्याकडे आणि आपल्या करंज्या तिच्याकडे. विकण्याचा संबंधच नव्हता.

एका दुपारी त्यांच्यापुढे वहीचं ते पान ठेवलं. काही बोलले नाही, फक्त ताईंचे पंचाहत्तर आणि माझे ऐंशी या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. आईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“म्हणजे तू बाईच्याच भावात राबलीस की गं.”

“हो ना, आई. आणि ती बाई पाच वाजता घरी जाते.”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सूट देऊ नकोस. द्यायचंच तर हातात काहीतरी दे. सुटीचं कोणी नाव काढत नाही, दिलेल्याचं काढतात.”

मी हे आधी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी गणित करून पाहिलं तर त्यांचं बरोबर निघालं. पाव किलो चिवड्याची पिशवी माझ्याकडे शंभराला विकते. मला ती पायाच्या भावाने साधारण पासष्टला पडते, वेळ तर त्यात फारच थोडा. म्हणजे घेणाऱ्याला शंभराची वस्तू मिळते आणि माझे पासष्टच जातात. रोख सूट शंभराची दिली तर माझे शंभरच्या शंभर जातात. शिवाय सूट पुढच्या वर्षी हक्क होते, भेट होत नाही.

तरी रोख सूट अगदीच काढून टाकावी असं मला वाटलं नाही. चारशे ऐंशी म्हणजे चारशे ऐंशी, असं सख्ख्या नणंदेला तोंडावर सांगायची माझी छाती नाही, आणि तशी गरजही नव्हती. फक्त तिला मर्यादा हवी होती, आणि ती आधीच मिळालेली होती. किलोमागे नफा ६०, तेव्हा सूट ६० च्या आतच. माझी मजुरी त्यात ओढायची नाही. तेल अचानक वाढलं तर पदरी काही असावं म्हणून ४० वर थांबले. टक्केवारीत न सांगता सरळ रुपयांत सांगायचं ठरवलं, कारण टक्केवारी सगळ्या पदार्थांना सारखी लागते आणि पदार्थ सारखे नसतात. लाडवात साजूक तूप. तिथे किलोला सहाशे घेऊन माझा नफा चाळीसच. ‘घरच्यांना दहा टक्के’ म्हटलं असतं तर लाडवावर साठ गेले असते. म्हणून चकलीवर आणि चिवड्यावर किलोला चाळीस, लाडवावर काही नाही.

दुसरी अट वेळेची. सूट फक्त कोजागिरीपर्यंत पैसे भरून नाव नोंदवणाऱ्यांना. त्यानंतर आत्या असो वा शेजारीण, एकच भाव. ही अट नुसती शिस्तीसाठी नव्हती. कोजागिरीनंतर अमावास्येपर्यंत पंधरा दिवस असतात. आगाऊ पैसे आले की मी पंधरा लिटरचा तेलाचा डबा एकदम घेते, सुट्या पिशव्यांपेक्षा तो स्वस्त पडतो. आणि घरच्यांचे घाणे शेवटच्या आठवड्याच्या आधी उरकते. ताज्या तेलातली, नीट गार करून हवाबंद भरलेली चकली पंधरा-वीस दिवस उत्तम राहते. गरम असतानाच भरली तर मात्र मऊ पडते आणि जुन्या तेलातली लवकर खवट होते. म्हणजे घरच्यांना चाळीस रुपये मिळतात त्याचा मोबदला ते मला रिकामे दिवस आणि आगाऊ रोकड देऊन फेडतात. हे सांगताना मला लाज वाटत नाही, ‘परवडत नाही हो’ म्हणताना वाटायची.

तिसरी गोष्ट लहान, पण तिनेच जास्त काम केलं. पूर्वी मी फोनवर नुसतं “तुम्हाला तीनशे साठ” म्हणायचे. ऐकणारीच्या डोक्यात चकलीची किंमतच तीनशे साठ बसायची आणि ती तोच भाव पुढे चौघींना सांगायची. आता प्रत्येकीला लिहून पाठवते: चकली ३ किलो, ४८० प्रमाणे १४४०, घरची सूट १२०, देणे १३२०. पूर्ण किंमत आधी, सूट वेगळ्या ओळीत. वहीतही असंच. वर्षाअखेर सुटीच्या रकान्याची बेरीज केली की आपण नात्यांवर किती खर्च केला ते एका आकड्यात दिसतं.

आणि ज्यांना खरंच जमत नाही त्यांना सूट नाहीच, त्यांना देऊनच टाकायचं. ह्यांच्या एका चुलत भावाची नोकरी गेली होती. त्यांच्याकडे दोन किलो पाठवली, पैशाचा विषय न काढता. वहीत ती पायाच्या भावाने ‘दिलं’ म्हणून लिहिली. दोनशेला विकून उपकारही करायचे आणि रडायचंही, यापेक्षा हे बरं.

गणपतीत दरपत्रक पाठवलं, चकली ४८० च ठेवली. विसर्जनाच्या तीनच दिवस आधी, १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने आयात खाद्यतेलावरची कस्टम ड्युटी वाढवली आणि थोड्याच दिवसांत आमच्याकडे तेल लिटरमागे तीसेक रुपयांनी चढलं. चारशे मिलिलिटरला बारा रुपये. पाया ३१२ झाला, नफा ६० चा ४८. दरपत्रक गेलेलं, शब्द फिरवायचा नव्हता. चाळीसची सूट देऊनही आठ रुपये हाती राहत होते. पन्नासची जाहीर केली असती तर पुन्हा मजुरीला हात लागला असता.

लोक काय म्हणाले? बहुतेक काहीच म्हणाले नाहीत. मी दोन रात्री झोपले नव्हते आणि नणंदेचं उत्तर आलं, “बरं, जी-पे करते.” एक आत्या मात्र रागावल्या. डोंबिवलीहून फोन आला, “माझ्याकडूनसुद्धा पूर्ण घेणार का गं तू?” कोजागिरी होऊन गेली होती. मी म्हटलं, “आत्या, आता घाणे बाहेरच्यांचे लागलेत. चकलीचे पूर्ण घेते, पण चिवडा माझ्याकडून घेऊन जा.” त्यांनी त्या वर्षी चकली दुसरीकडून घेतली. पाडव्याला भेटल्या तेव्हा ती कडक होती म्हणाल्या. मी विषय वाढवला नाही. पुढच्या वर्षी त्या परत आल्या, पण नेहमीच्या चार किलोंऐवजी दोनच घेतली, हेही खरं.

घरच्यांची चकली अडतीसवरून चोवीस किलोंवर आली. सोळा कोजागिरीच्या आत सुटीने, आठ नंतर पूर्ण भावाने. रिकाम्या झालेल्या घाण्यांत बाहेरची अडुसष्ट किलो झाली. चिवड्याच्या नऊ पिशव्या भेट गेल्या आणि ती दोन किलो दिली. हे सगळं वजा करून हाती राहिले साडेतेरा हजारांच्या थोडे वर. चौऱ्याण्णव किलोंचे चौऱ्याण्णव तास, तासाला १४४. काम जवळपास तेवढंच, कढई तीच, तेल उलट महाग.

२०२५ ला एक नवं प्रकरण निघालं. ऐरोलीची माझी मैत्रीण तिच्या ऑफिसातून दहा-बारा किलो गोळा करते, पैसे जमवते आणि ट्रेनने येऊन स्वतः घेऊन जाते. तिला मी किलोला तीस देते. घरात कुणी म्हटलं, मैत्रिणीलाही सूटच झाली की. नाही. ती माझं विकायचं काम करते. तिचे तीस मी खर्चाच्या बाजूला लिहिते, सुटीच्या रकान्यात नाही. तिने स्वतःच्या घरासाठी घेतलेली दोन किलो मात्र सुटीत.

त्या वर्षी चकली ५१० केली, सूट चाळीसच ठेवली. कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. रात्री गच्चीवर दूध आटवत होतो, पावणेबाराला फोन वाजला. मामींचे तीन किलोंचे पैसे आले होते, सूट वजा करून, अगदी बरोबर १४१०. खाली निरोप, “चंद्र वर आहे अजून, म्हणजे आज कोजागिरीच ना?” आईंनी वाचून घेतला आणि खो खो हसल्या. मामींचं नाव यादीत घातलं. पुढच्या दरपत्रकासाठी मात्र त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं: कोजागिरी, संध्याकाळी सातपर्यंत.